परीक्षेत ९० टक्के, बांधावर किती? फोटो ओळखणाऱ्या ‘एआय’चे गुण कसे वाचावेत

‘पानाचा फोटो काढा आणि काही सेकंदांत रोग ओळखा’ अशा जाहिराती आता तुमच्याही मोबाईलवर येत असतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एआयवर आधारित राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. खासगी ॲप तर त्याआधीपासूनच आहेत. त्यात दर काही महिन्यांनी एखादी मोठी कंपनी नवे मॉडेल बाजारात आणते आणि सोबत गुणांचा तक्ता देते: या परीक्षेत इतके टक्के, त्या परीक्षेत तितके. तो तक्ता पाहून साहजिकच वाटते, की ज्याला पदवीच्या परीक्षेत ८० टक्के पडतात त्याला आपल्या कपाशीचे लाल पान कळणारच.

तसे होईलच असे नाही. कारण समजून घ्यायचे तर ही परीक्षा नेमकी कशी घेतात ते आधी पाहायला हवे. फोटो आणि मजकूर दोन्ही घेऊन उत्तर देणाऱ्या मॉडेलला ‘दृष्टी-भाषा मॉडेल’ म्हणतात आणि त्याच्या परीक्षेला ‘बेंचमार्क’. बेंचमार्क म्हणजे फोटोंचा एक ठरावीक संच. प्रत्येक फोटोसोबत एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते. मॉडेलची किती उत्तरे त्या उत्तरांशी जुळली, याची टक्केवारी म्हणजे गुण. त्या संचात कोणते फोटो घेतले, ते कोणी आणि कसे काढले, प्रश्न कसा विचारला, यांपैकी काहीही त्या एका आकड्यात दिसत नाही.

९९ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर

आपल्या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण ‘प्लांटव्हिलेज’ या फोटोसंचाचे आहे. तो दृष्टी-भाषा मॉडेलच्या आधीच्या पिढीतला, पण परीक्षेची अडचण तीच आहे. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे या संशोधकांनी या संचातील ५४,३०६ फोटोंवर एक मॉडेल शिकवले. १४ पिके आणि २६ रोग त्यात होते. शिकवण्यासाठी न वापरलेल्या, पण त्याच संचातल्या फोटोंवर मॉडेलची परीक्षा घेतली, तेव्हा अचूकता आली ९९.३५ टक्के. हा आकडा पुढे कितीतरी लेखांत आणि सादरीकरणांत फिरला. त्याच शोधनिबंधात आणखी एक आकडा होता, तो मात्र फारसा फिरला नाही. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून गोळा केलेले फोटो त्याच मॉडेलला दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. संशोधकांनी ते स्वतःहून, स्पष्टपणे लिहिले होते.

एवढा फरक का पडला? प्लांटव्हिलेजचे फोटो काढताना पान झाडावरून तोडून राखाडी किंवा काळ्या कागदावर ठेवले होते. एका फोटोत एकच पान, मधोमध, नीट पसरलेले. एकाच रोगाचे बरेच फोटो एकाच ठिकाणी, एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या कागदावर निघाले. २०२२ मध्ये एका संशोधकाने या संचाची मजेशीर तपासणी केली. त्याने पान पूर्ण वगळले आणि प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ ठिपके (पिक्सेल) मॉडेलला दिले. तरीही ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. ३८ गटांत अंदाजपंचे उत्तर दिले असते तर ती २.६ टक्के यायला हवी होती. म्हणजे रोग कोणता हे पानाच्या मागचा कागदच बऱ्यापैकी सांगत होता. तुमच्या शेतात तो कागद नसतो. मागे माती, गवत, ठिबकची नळी, स्वतःचा पाय आणि शेजारच्या झाडाची सावली असते.

संचात काय नव्हते, हेही पाहण्यासारखे आहे. कापूस, तूर, ऊस, कांदा, हरभरा यांचा एकही फोटो नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी. संत्रा आहे, पण त्याचे सगळे फोटो एकाच रोगाचे, म्हणजे सिट्रस ग्रीनिंगचे आहेत. निरोगी संत्र्याचे पान त्यात नाही, जस्ताच्या कमतरतेचेही नाही. अशा संचावर शिकलेल्या मॉडेलला नागपूर-अमरावतीकडचे संत्र्याचे पिवळसर पान दाखवले आणि ते संत्र्याचे आहे एवढे त्याला कळले, तर त्याच्यापुढे उत्तर एकच उरते: ग्रीनिंग. जस्ताची कमतरता आणि ग्रीनिंग यांत तर अनुभवी माणसाचीही गल्लत होते. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा शिरांच्या दोन्ही बाजूंना बराचसा सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो मध्यशिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळा, डागाडागांचा असतो. एकाचा उपाय फवारणी, दुसऱ्यात झाड उपटण्यापर्यंत वेळ येते. संचात जो पर्यायच नाही, तो मॉडेल चुकले म्हणून परीक्षेत गुण कापले जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

फोटो न पाहताच दिलेली उत्तरे

आता नव्या मॉडेलकडे येऊ. यांना फोटोसोबत भाषाही येते, म्हणून त्यांची परीक्षा प्रश्नोत्तरांची असते. इथे वेगळाच घोळ होतो. प्रश्नाचा मजकूरच इतका बोलतो, की फोटोची गरज उरत नाही.

समजा परीक्षेत हा प्रश्न आहे (मी उदाहरणादाखल तयार केला आहे): ‘फोटोतील सोयाबीनच्या पानावर पिवळ्या-हिरव्या रंगाचे चट्टे दिसतात. या विषाणूजन्य रोगाचा प्रसार कोणत्या किडीमार्फत होतो? अ) खोडमाशी ब) चक्रीभुंगा क) पांढरी माशी ड) उंटअळी.’ कृषी पदविकेचा विद्यार्थी फोटोवर हात ठेवूनही ‘क’ लिहील. पिवळा मोझॅक आणि पांढरी माशी ही जोडी त्याने वाचलेली असते. मॉडेलनेही वाचलेली असते, कारण ते लाखो पानांच्या मजकुरावर शिकलेले आहे. त्याला गुण मिळतो, आणि तो ‘फोटो समजण्याचा’ गुण म्हणून मोजला जातो.

ही शंका संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून पाहिली आहे. २०१५ मध्ये आलेल्या ‘व्हीक्यूए’ या सुरुवातीच्या मोठ्या संचात ‘या फोटोत अमुक दिसते का?’ अशा धर्तीच्या प्रश्नांना डोळे मिटून ‘हो’ म्हटले तरी ८७ टक्के उत्तरे बरोबर येत होती, आणि ‘किती?’ या प्रश्नाला नेहमी ‘२’ म्हटले तरी ३९ टक्के. कारण साधे आहे. जे फोटोत नाही त्याविषयी माणसे सहसा विचारतच नाहीत. हा दोष ओळखून २०१७ मध्ये संचाची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात एकाच प्रश्नासाठी उत्तर वेगळे येईल असे फोटो जोडीने घातले.

सध्याच्या गुणतक्त्यांत ‘एमएमएमयू’ हे नाव बहुतेक वेळा दिसते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या या संचात महाविद्यालयीन परीक्षा आणि पाठ्यपुस्तकांतून घेतलेले सुमारे ११,५०० प्रश्न आहेत. विषय ३०, आणि त्यांत कृषी हाही एक आहे. म्हणून एखादा विक्रेता तुम्हाला ‘आमच्या मॉडेलला कृषी विषयातही गुण आहेत’ असे सांगू शकतो, आणि ते खोटेही नसेल. पण २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने याच संचाचे प्रश्न मॉडेलना फोटोशिवाय विचारले. गुगलच्या जेमिनी प्रो या त्या वेळच्या मॉडेलने एकही फोटो न पाहता ४२.९ टक्के गुण मिळवले. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर २५ च्या आसपास पडावेत. वरचे सगळे गुण प्रश्नाच्या शब्दांतून आणि पाठांतरातून आलेले.

त्याच वर्षी ‘एमएमएमयू-प्रो’ ही कडक आवृत्ती निघाली. तिच्यात तीन बदल केले: फोटोशिवाय सुटणारे प्रश्न काढले, पर्याय ४ वरून १० पर्यंत वाढवले, आणि काही प्रश्न मजकूर म्हणून न देता फोटोतच छापून दिले, म्हणजे स्क्रीनचा फोटो काढून पाठवावा तसे. मॉडेल तीच, पण गुण १६.८ ते २६.९ टक्क्यांच्या फरकाने घसरले. परीक्षा घेण्याची पद्धत बदलल्याबरोबर गुण इतके हलतात, तर त्या गुणांवरून तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या धूसर फोटोचे काय होईल, हे सांगता येणार नाही.

लाल पडलेली कपाशी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून येणारा नेहमीचा फोटो घ्या. लांबून काढलेले कपाशीचे झाड, पाने लाल, आणि खाली एक ओळ: ‘साहेब, काय फवारू?’

या लालीची कारणे निदान चार आहेत. तुडतुड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, आत वळतात आणि मग लालसर-तपकिरी होतात. मॅग्नेशियम कमी पडले की जुन्या, खालच्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल-जांभळा होतो. बोंडे भरत असताना नत्र किंवा पाणी कमी पडले, किंवा आधी पाणी साचून मुळे गुदमरली, तरी पान लाल होते. आणि रात्रीचे तापमान उतरले की पानात लाल रंगद्रव्य वाढते, कीड नसताना आणि कमतरता फार नसतानाही. बहुतेक शेतांत यांतली दोन-तीन कारणे एकत्र असतात. यालाच आपण ढोबळपणे ‘लाल्या’ म्हणतो.

उपाय मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. तुडतुडे असतील आणि पानामागे सरासरी २ ते ३ च्या वर असतील तरच कीटकनाशकाचा विचार करायचा. मॅग्नेशियम कमी असेल तर अन्नद्रव्याची फवारणी. पाणी साचले असेल तर चर काढायचे. वेचणीच्या शेवटी नुसत्या थंडीने लाली आली असेल तर खिशात हात न घालणेच बरे.

हे ठरवायला अनुभवी कृषी सहायक काय करतो? तो आधी विचारतो: लाली खालच्या पानांवर आहे की वरच्या? पीक किती दिवसांचे? मागचा पाऊस कधी झाला, शेत चिबड आहे का? शेवटची फवारणी कशाची केली? मग म्हणतो, पान उलटे करून फोटो पाठवा. हिरवट, तिरकी चालणारी पिले पानाच्या मागेच सापडणार, वरून काढलेल्या फोटोत ती येणारच नाहीत. म्हणजे निदानाचा मोठा भाग त्या पहिल्या फोटोत नाहीच, तो या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

बहुतेक बेंचमार्कमध्ये एक फोटो, एक प्रश्न आणि एक उत्तर असते. उलट प्रश्न विचारला म्हणून गुण मिळत नाही. ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ असे म्हटले तर बहुतेक ठिकाणी ते चूक धरतात. साहजिकच ठामपणे काहीतरी उत्तर देणारे मॉडेल गुणतक्त्यात वर जाते. तेच मॉडेल तुमच्या लाल कपाशीला पहिल्याच दमात नाव देऊन मोकळे होते.

याला अपवाद असलेली एक परीक्षा मला आवडते, ती ‘व्हिझविझ’. २०१८ मधल्या या संचात ३१,००० हून अधिक प्रश्न आहेत आणि फोटो अंध व्यक्तींनी स्वतःच्या मोबाईलवर काढलेले आहेत. फोटो हललेले, वस्तू अर्धी चौकटीबाहेर, कधी बोट कॅमेऱ्यावर. आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचे मान्य उत्तर ‘या फोटोवरून सांगता येत नाही’ असेच आहे. हा संच शेतीचा नाही, पण घाईत, उन्हात, एका हाताने काढलेल्या आपल्या फोटोंशी त्याचे नाते कागदावर मांडलेल्या पानापेक्षा खूप जवळचे आहे.

आणखी एक हिशेब इथेच करून पाहू. समजा एका मॉडेलची परीक्षा १०० लाल पानांवर घेतली. ५० पानांवर तुडतुड्यांचा प्रादुर्भाव होता, ५० वर नव्हता. दोन्ही गटांत मॉडेलने ४५-४५ बरोबर ओळखली. गुण ९० टक्के. आता नोव्हेंबरमध्ये तालुक्यातून १,००० लाल पानांचे फोटो आले आणि त्यांतल्या फक्त १०० मध्ये तुडतुडे हे खरे कारण आहे असे धरू. मॉडेल त्या १०० पैकी ९० पकडेल. उरलेल्या ९०० पैकी मात्र ९० मध्ये ते चुकून ‘तुडतुडे’ म्हणेल. म्हणजे ‘तुडतुडे’ असा निकाल मिळालेले १८० शेतकरी, त्यांतल्या निम्म्यांची फवारणी वाया. मॉडेल तेच, अचूकता तीच ९० टक्के. परीक्षेत रोगी आणि निरोगी पाने निम्मी-निम्मी होती, शेतात ती तशी नसतात, एवढाच फरक.

फोटोत तुडतुडा उरतो तरी का?

समजा शेतकऱ्याने पान उलटे करून फोटो पाठवला. तरी तो फोटो मॉडेलपर्यंत कसा पोहोचतो, हे पाहायला हवे. गुणतक्त्यात हा टप्पा कुठेच नसतो.

साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलमधला फोटो साधारण ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो. आडव्या चौकटीत एक मीटर रुंदीचे अख्खे झाड घेतले तर एका मिलिमीटरला ४ ठिपके येतात. तुडतुड्याचे पिल्लू साधारण २ मिलिमीटरचे, म्हणजे ८ ठिपके. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पाठवला की फोटोची लांब बाजू साधारण १,६०० ठिपक्यांवर येते, पिल्लू उरते ३ ठिपक्यांचे. त्यानंतर मॉडेल स्वतः फोटो आणखी लहान करू शकते. उदाहरणार्थ २०२३ मधले ‘लाव्हा-१.५’ हे बरेच वापरले गेलेले खुले मॉडेल कोणताही फोटो ३३६ बाय ३३६ ठिपक्यांत बसवूनच पाहते. तिथे २ मिलिमीटरच्या पिल्लाला एक पूर्ण ठिपकाही मिळत नाही. जे फोटोत उरलेलेच नाही ते मॉडेल ‘पाहू’ कसे शकेल? तरीही ते ‘तुडतुडे’ म्हणेल, कारण लाल कपाशी आणि तुडतुडे हे शब्द त्याने एकत्र वाचले आहेत. उत्तर कधी बरोबरही निघेल, पण ते फोटोवरून आलेले नसेल.

आता एकच पान चौकटभर घ्या, रुंदी साधारण १२ सेंटिमीटर. मूळ फोटोत पिल्लू सुमारे ६६ ठिपक्यांचे होते, व्हॉट्सॲपनंतर २७ चे, आणि ३३६ च्या चौकटीतही ५-६ ठिपके उरतात. आजची बरीच मॉडेल मोठ्या फोटोचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाहतात, त्यामुळे परिस्थिती याहून बरी असते. पण व्हॉट्सॲपने जे पुसले ते कोणतेही मॉडेल परत आणू शकत नाही. म्हणून निदानासाठीचा फोटो पाठवताना ‘एचडी’ पर्याय निवडा किंवा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. एवढ्या साध्या गोष्टीने मॉडेलचा उपयोग वाढतो, आणि पलीकडे माणूस असेल तर त्याचाही.

मोजणीबाबत आणखी जपून. आपल्याकडे फवारणीचा निर्णय संख्येवर उभा असतो: पानामागे तुडतुडे किती, किंवा गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री ८ पतंग आले का. २०२४ मध्ये काही संशोधकांनी त्या वेळच्या चार नामांकित मॉडेलना अगदी सोप्या आकृत्या दाखवल्या: दोन रेषा किती ठिकाणी छेदतात, दोन वर्तुळे एकमेकांवर आली आहेत का, चौकटीत वर्तुळे किती. शाळकरी मुलाला जमेल असे हे काम, पण मॉडेलची सरासरी अचूकता ६० टक्क्यांच्याही आत राहिली. हीच मॉडेल कॉलेजच्या प्रश्नांवर चांगले गुण घेत होती. चिकट सापळ्यावर एकमेकांवर पडलेले, पंख झडलेले पतंग हे त्या वर्तुळांपेक्षा कितीतरी अवघड. सापळ्याचा फोटो मॉडेलला जरूर दाखवा, पण आकडा स्वतः मोजून नोंदवा.

आपल्या तालुक्याची परीक्षा

मग ॲप वापरायचेच नाही का? वापरा, पण गुणतक्त्यावर न जाता तुमच्याच फोटोंवर त्याची एकदा परीक्षा घ्या. विस्तार कार्यकर्त्यांना हे एका आठवड्यात जमण्यासारखे आहे आणि त्याला संगणकाचे ज्ञान लागत नाही.

मागच्या हंगामात शेतकऱ्यांकडून आलेले ५० फोटो निवडा. अट एकच: प्रत्येकाचे खरे कारण शेतात जाऊन किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेतून नक्की झालेले असावे. इंटरनेटवरून फोटो घेऊ नका. ते मॉडेलने शिकतानाच पाहिलेले असू शकतात, आणि मग पेपर आधीच फुटलेला असतो. फोटो चांगले निवडू नका, जसे आले तसेच घ्या. निरोगी पिकाचे, तणनाशक उडाल्याचे, खताने करपल्याचे फोटोही प्रमाणात असू द्या. आणि १० फोटो मुद्दाम असे घ्या की ज्यांवरून तुम्हालाही सांगता आले नव्हते.

प्रश्न शेतकरी विचारतो तसाच, मराठीत, पर्याय न देता विचारा: ‘पाने लाल का पडली?’ उत्तरे चार ढिगांत टाका. बरोबर. चूक, पण ज्याने खर्च किंवा नुकसान होणार नाही अशी. चूक, आणि जिच्यामुळे नको ती फवारणी झाली असती अशी. आणि चौथा ढीग, जिथे मॉडेलने ‘सांगता येत नाही’ म्हटले किंवा आणखी माहिती, दुसरा फोटो मागितला. ते १० अवघड फोटो किती प्रमाणात या चौथ्या ढिगात गेले, हे आधी पाहा. माझ्या मते तो आकडा एकूण टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे. तिसरा ढीग मोठा असेल तर पहिला कितीही मोठा असला तरी ते ॲप शेतकऱ्याच्या हातात एकट्याने देऊ नये.

त्याच फोटोंपैकी १० वेगळ्या दिवशी, प्रश्नाची दिशा बदलून पुन्हा विचारा. तुडतुडे नसलेल्या पानाचा फोटो देऊन म्हणा, ‘माझ्या कपाशीवर तुडतुडे पडलेत ना?’ त्याने लगेच ‘हो’ म्हणून औषधाचे नाव दिले, तर ते फोटो पाहत नाही, तुमचे वाक्य वाचून मान डोलावते आहे. दुकानात ‘हेच औषध हवे ना?’ म्हटल्यावर ‘हो हो’ म्हणणारा विक्रेता तुम्ही पाहिलाच असेल.

५० फोटोंवर ४० बरोबर आले तर ते ८० टक्के म्हणून जाहीर करू नका. नमुना इतका लहान असताना खरी अचूकता साधारण ७० ते ९० यांच्यात कुठेही असू शकते. म्हणून दोन ॲपमध्ये ४० आणि ४२ असा फरक निघाला तर तो फरक नाही असेच समजा, ४० आणि २५ निघाला तर तो खरा. पिकानुसार आकडे वेगळे ठेवा, कारण द्राक्ष-टोमॅटोवर बरे चालणारे ॲप तुरीवर अडखळू शकते. आणि हे ५० फोटो एका फोल्डरमध्ये, नावे आणि गाव काढून, जपून ठेवा. ॲपची आवृत्ती बदलली की तेच फोटो पुन्हा दाखवता येतील. मात्र हे फोटो उत्तरांसह कोणत्याही सार्वजनिक संकेतस्थळावर टाकू नका, नाहीतर पुढच्या आवृत्तीसाठी हाही पेपर फुटलेला असेल.